फर्मवेअर अपडेट केल्यावर वाय-फाय दिसते, पण इंटरनेट येत नाही: अपडेटच्या आधी आणि नंतर काय तपासावे

राऊटरच्या ॲडमिन पेजवरून फर्मवेअर अपडेट केले, राऊटर आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू झाला, मोबाइलला वाय-फायही मिळाले, आणि तरीही एकही पान उघडत नाही, ही तक्रार ज्यांच्या घरी एकदा येते त्यांच्याकडे ती सहसा पुढच्या अपडेटलाही येते. दोष नव्या फर्मवेअरमध्ये आहे असे समजून लोक जुनी आवृत्ती परत टाकतात, तरीही लाइन सुरू होत नाही, आणि शेवटी इंटरनेट पुरवणाऱ्याच्या माणसाची वाट पाहत दिवस जातो. बहुतेक वेळा बिघाड फर्मवेअरमध्ये नसतोच. अपडेटच्या वेळी राऊटरमधली एखादी लहानशी नोंद पुसली गेलेली असते आणि ती कोणती होती हे घरात कोणालाच ठाऊक नसते.

आमच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावरच्या एका काकांकडे हे दीड वर्षात तीनदा घडले. त्यांच्याकडे दुकानातून विकत घेतलेला ड्युअल बँड राऊटर आहे आणि लाइन स्थानिक केबल ऑपरेटरची आहे, म्हणजे युजरनेम आणि पासवर्ड टाकून जोडली जाणारी पीपीपीओई पद्धतीची. पहिल्या दोन्ही वेळा ऑपरेटरचा माणूस दुसऱ्या दिवशी आला, कार्यालयात फोन लावून दोन मिनिटे बोलला, लाइन सुरू करून दिली आणि ‘काका, अपडेटच्या भानगडीत पडू नका’ असे सांगून गेला. तिसऱ्या वेळी त्यांनी मला बोलावले. तिथे जे सापडले ते पुढे सविस्तर येईलच, पण त्याआधी अपडेटमध्ये नेमके काय बदलते आणि काय बदलत नाही हे पाहणे गरजेचे आहे, कारण सगळी मेख तिथेच आहे.

अपडेटमध्ये काय बदलते

राऊटरच्या आतल्या फ्लॅश मेमरीचे ढोबळमानाने तीन भाग असतात. पहिल्या लहान भागात राऊटर सुरू करणारा बूटलोडर असतो, दुसऱ्या मोठ्या भागात फर्मवेअर असते आणि तिसऱ्या भागात आपण भरलेल्या सेटिंग्ज असतात: वाय-फायचे नाव, पासवर्ड, लाइनचे युजरनेम वगैरे. ॲडमिन पेजवरून नेहमीचे अपडेट करताना फर्मवेअरचा भाग पुसून पुन्हा लिहिला जातो आणि सेटिंग्जचा भाग सहसा तसाच राहतो. मात्र नव्या आवृत्तीत सेटिंग्ज साठवण्याची पद्धतच बदलली असेल, तर राऊटर जुन्या नोंदी टाकून देऊन कारखान्यातून आल्यासारखा सुरू होतो, किंवा ज्या नोंदी त्याला समजतात तेवढ्या ठेवून बाकीच्या सोडून देतो. हा दुसरा प्रकार जास्त फसवा असतो, कारण वाय-फायचे नाव आणि पासवर्ड जुनेच दिसल्यामुळे सगळे जागच्या जागी आहे असे वाटते.

याची उलट बाजूही लक्षात ठेवली पाहिजे. ज्या सेटिंग्ज जायला हव्या होत्या त्या अपडेटनंतरही टिकून राहू शकतात. कोणी तुमच्या राऊटरमध्ये शिरून डीएनएसचा, म्हणजे संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा आयपी सांगणाऱ्या सर्व्हरचा, पत्ता बदलून ठेवला असेल, तर नवे फर्मवेअर ती खिंडार बुजवील, पण बदललेला पत्ता सेटिंग्जच्या भागात तसाच राहील. म्हणून अपडेटनंतरची तपासणी दोन्ही अंगांनी करायची असते: हवे ते गेले का, आणि नको ते राहिले का.

आधी: राऊटर नक्की कोणता आहे

घरात दोन डबे असतील, तर अपडेट कोणत्या डब्याचे करायचे हे पहिल्यांदा ठरवावे. फायबरची तार ज्यात शिरते तो ओएनटी बहुधा इंटरनेट कंपनीने दिलेला असतो, आणि त्याचे फर्मवेअर कंपनी दुरूनच बदलत असते. त्यातल्या फर्मवेअरमध्ये त्या कंपनीच्या लाइनसाठी लागणाऱ्या खास नोंदी असतात, त्यामुळे त्याच मॉडेलची फाइल उत्पादकाच्या संकेतस्थळावरून उतरवून त्यात टाकणे म्हणजे चालती लाइन हाताने बंद करण्यासारखे आहे. पुढचे सगळे विवेचन आपण विकत घेतलेल्या राऊटरबद्दल आहे.

त्या राऊटरला उलटा करून तळाची चिकटपट्टी वाचावी. तिथे मॉडेलच्या नावाजवळ `Ver` किंवा `H/W Ver` असे लिहिलेले असते आणि पुढे एखादा आकडा असतो. हा आकडा मॉडेलच्या नावाइतकाच महत्त्वाचा आहे, कारण एकाच नावाने विकल्या जाणाऱ्या राऊटरच्या दोन हार्डवेअर आवृत्त्यांमध्ये आतली चिप, मेमरी किंवा दोन्ही वेगळ्या असू शकतात, आणि एकीचे फर्मवेअर दुसरीला चालत नाही. डाउनलोडच्या पानावर आधी ही हार्डवेअर आवृत्ती निवडावी लागते. ते न करता पहिलीच दिसलेली फाइल उतरवणे ही अपडेट अडकण्यामागची सर्वांत सामान्य चूक आहे. त्याच पानावर देश किंवा प्रदेश निवडण्याची सोय असेल, तर आपला राऊटर जिथे विकला गेला तोच प्रदेश घ्यावा. दुसऱ्या प्रदेशाची फाइल बहुधा राऊटर नाकारतो, आणि एखाद्याने ती स्वीकारलीच, तर वाय-फायचे चॅनेल तिथल्या नियमांप्रमाणे बदलतात आणि काही उपकरणांना नेटवर्क दिसेनासे होते.

ॲडमिन पेजचा पत्ता ठाऊक नसेल, तर विंडोजवर पुढील आदेश द्यावा आणि `Default Gateway` समोरचा पत्ता ब्राउझरमध्ये टाकावा. तो बहुधा `192.168.0.1` किंवा `192.168.1.1` असतो.

```
ipconfig
```

आत गेल्यावर पहिले काम म्हणजे सध्याच्या फर्मवेअरची आवृत्ती जशीच्या तशी लिहून घेणे. त्यात आवृत्तीचा आकडा आणि पुष्कळदा तयार केल्याची तारीखही असते. या तारखेचा उपयोग कसा होतो ते एका जाहीर झालेल्या प्रकरणावरून कळेल. टीपी-लिंकच्या आर्चर एएक्स२१ या मॉडेलमध्ये पासवर्डशिवाय बाहेरून आदेश चालवता येतील अशी त्रुटी २०२२ च्या अखेरीस टोरोंटोच्या ‘पॉन-टू-ओन’ स्पर्धेत दाखवली गेली. ती `CVE-2023-1389` या क्रमांकाने ओळखली जाते. ती दूर करणारी आवृत्ती `1.1.4 Build 20230219` होती, आणि एप्रिल २०२३ मध्ये मिराय जातीच्या बॉटनेटने, म्हणजे ताब्यात घेतलेल्या उपकरणांच्या जाळ्याने, त्या त्रुटीचा वापर सुरू केल्याचे आढळले. ज्यांच्या राऊटरवरची तारीख 20230219 च्या आधीची होती त्यांना बाकी काही न वाचताही आपण उघडे आहोत हे कळले असते. आपल्या राऊटरच्या डाउनलोड पानावरही प्रत्येक आवृत्तीखाली बदलांची यादी असते. त्यात सुरक्षेचा उल्लेख आहे का हे पाहावे, आणि अपडेटनंतर सेटिंग्ज मूळ स्थितीत जातील अशी सूचना आहे का हेही पाहावे. ती सूचना असेल, तर पुढचा भाग अधिकच काळजीने करावा.

आधी: कोणत्या नोंदी लिहून ठेवायच्या

ॲडमिन पेजवर सेटिंग्जचा बॅकअप घेण्याची सोय असते आणि तो जरूर घ्यावा, पण केवळ त्याच्या भरवशावर राहू नये. बॅकअपची फाइल ज्या आवृत्तीत तयार झाली त्याच आवृत्तीत परत भरण्यासाठी ती असते. नवी आवृत्ती ती नाकारू शकते, किंवा स्वीकारून अर्धवट भरू शकते. शिवाय ती फाइल बहुधा उघडून वाचता येत नाही, त्यामुळे ‘आधी काय होते’ या प्रश्नाचे उत्तर तिच्यातून मिळत नाही. म्हणून इंटरनेटच्या बाजूची जोडणी दाखवणाऱ्या `WAN` किंवा `Internet` या नावाच्या पानाचे मोबाइलने छायाचित्र घ्यावे. पान लांब असेल किंवा `Advanced` असे बटण असेल, तर ते उघडून त्याचेही घ्यावे. वाय-फायचे पान, घरातल्या उपकरणांना आयपी वाटणाऱ्या डीएचसीपीचे पान आणि सीसीटीव्हीसाठी पोर्ट उघडलेले असल्यास त्याचे पान, एवढी छायाचित्रे पुरतात.

या छायाचित्रात चार गोष्टी आल्याच पाहिजेत. पहिली, जोडणीचा प्रकार: पीपीपीओई, डायनॅमिक आयपी की स्टॅटिक. दुसरी, पीपीपीओईचे युजरनेम आणि पासवर्ड. इथला पासवर्ड पुष्कळदा ठिपक्यांच्या रूपात दिसतो आणि उघड करता येत नाही, आणि तो तुमच्या ग्राहक ॲपच्या पासवर्डपेक्षा वेगळा असू शकतो. तो माहीत नसेल, तर अपडेटच्या आधी ऑपरेटरला फोन करून विचारून घ्यावा. लाइन चालू असताना हा फोन दोन मिनिटांत आटोपतो, पण लाइन बंद पडल्यावर तोच फोन ‘तक्रार नोंदवली आहे’ या वाक्यावर संपतो. तिसरी, ऑपरेटरने आपली रहदारी वेगळी ओळखण्यासाठी दिलेला व्हीलॅनचा क्रमांक भरलेला असल्यास तो. चौथी गोष्ट जवळजवळ सगळेच विसरतात, ती म्हणजे `MAC Clone` या शीर्षकाखालचा पत्ता.

मॅक पत्ता ही प्रत्येक नेटवर्क उपकरणाची बारा अंकी-अक्षरी ओळख असते. अनेक स्थानिक ऑपरेटर एक खाते एकाच मॅक पत्त्याला बांधून ठेवतात, म्हणजे तेच युजरनेम दुसऱ्या घरात वापरता येऊ नये. राऊटर बदलला की हा पत्ता बदलतो, आणि मग तंत्रज्ञापुढे दोन वाटा असतात. कार्यालयात फोन करून नवा पत्ता नोंदवून घ्यायचा, नाहीतर नव्या राऊटरलाच जुन्या उपकरणाचा पत्ता घ्यायला लावायचा. दुसरी वाट जागच्या जागी उरकते, म्हणून घाईत असलेला माणूस तीच धरतो. ती नोंद मग वर्षानुवर्षे कोणाला दिसत नाही आणि अपडेटमध्ये पुसली गेली की लाइन गप्प होते.

अपडेट करताना

फाइल मोबाइलवरून नव्हे, तर संगणकावरून टाकावी आणि संगणक राऊटरच्या लॅन पोर्टला तारेने जोडावा. वाय-फायवरून फाइल चढवता येते, पण मध्येच नेटवर्क बदलले किंवा मोबाइलने ‘इंटरनेट नाही’ म्हणून परस्पर डेटा सुरू केला, तर फाइल अर्धवट जाते. चांगले फर्मवेअर अर्धवट फाइल तपासून नाकारते, त्यामुळे यातून राऊटर बिघडेलच असे नाही, पण विनाकारण धास्ती कशाला? डाउनलोड केलेली फाइल झिप असेल, तर ती उलगडून आतली फाइल वापरावी. ती बहुधा `.bin` असते. कंपनीने फाइलचा हॅश, म्हणजे फाइल जशीच्या तशी आली का हे पडताळण्याचा संकेत, दिला असेल, तर विंडोजवर पुढील आदेशाने तोही जुळवून घ्यावा:

```
certutil -hashfile firmware.bin SHA256
```

खरा धोका विजेचा आहे. फाइल चढून झाल्यावर राऊटर फर्मवेअरचा भाग पुसून लिहू लागतो, आणि त्या दोन-तीन मिनिटांत वीज गेली, तर जुने पुसलेले आणि नवे अर्धवट अशी स्थिती होते. काही राऊटरमध्ये फर्मवेअरसाठी दोन जागा असतात आणि ते जुन्या जागेवरून पुन्हा सुरू होतात, पण स्वस्त राऊटरमध्ये ही सोय असेलच असे धरून चालू नये. आपल्याकडे देखभालीसाठी वीज बंद ठेवण्याचा जो वार असेल तो दिवस, आणि पावसाळ्यातली वादळी संध्याकाळ, एवढे टाळावे. घरात इन्व्हर्टर असेल, तर राऊटर आणि संगणक दोन्ही त्याच्यावर आहेत याची खात्री करावी. राऊटरसाठी मिळणारा छोटा १२ व्होल्टचा यूपीएस वापरत असाल, तर आपल्या राऊटरला १२ व्होल्टच लागतात की ९, हे त्याच्या ॲडॉप्टरवर आधी वाचावे.

ॲडमिन पेजवर हे पान `System Tools`, `Administration`, `Maintenance` किंवा `Advanced` या मेन्यूखाली `Firmware Upgrade` किंवा `Firmware Update` या नावाने असते. `Check for Updates` असे बटण दाबल्यावर ‘हीच ताजी आवृत्ती आहे’ असे उत्तर मिळाले, तरी संकेतस्थळावर अधिक नवी फाइल असू शकते. कारण आपोआप मिळणारी आवृत्ती काही वेळा सगळ्यांना एकदम दिली जात नाही. अशा वेळी फाइल निवडून हाताने चढवावी. फाइल निवडताच चूक दाखवली गेली, तर क्रमाने तीनच गोष्टी तपासाव्यात: झिप उलगडली आहे का, हार्डवेअर आवृत्ती जुळते का आणि प्रदेश जुळतो का. चौथे कारण क्वचितच निघते. मध्ये काही आवृत्त्या सोडून थेट ताज्या आवृत्तीवर उडी मारायला काही मॉडेल नकार देतात, आणि तसे असल्यास बदलांच्या यादीत मधली आवृत्ती आधी टाका असे लिहिलेले असते.

अपडेट सुरू झाल्यावर पान मागे नेऊ नये, ताजे करू नये आणि राऊटरचे बटण दाबू नये. पट्टी शंभर टक्क्यांवर जाऊन थबकली, तरी पंधरा मिनिटे तरी थांबावे. राऊटर पुन्हा सुरू होताना दिवे एकदा सगळे लागून विझतात, त्यावरून तो जिवंत आहे हे कळते.

नंतर: इंटरनेट नाही, मग कुठे पाहायचे

राऊटर सुरू झाल्यावर पुन्हा ॲडमिन पेजवर जाऊन आवृत्ती वाचावी. ती जुनीच असेल, तर अपडेट झालेलेच नाही, एवढेच समजावे. ती नवी असेल आणि इंटरनेट नसेल, तर राऊटर वारंवार बंद-चालू करत बसण्याऐवजी त्याच्या स्थितीच्या पानावर `WAN IP` पाहावा. तिथे खरा आयपी असेल, तर लाइन जोडली गेली आहे आणि अडचण बहुधा डीएनएसची आहे. खालचा आदेश उत्तर देत असेल, पण संकेतस्थळांची नावे उघडत नसतील, तर ती डीएनएसचीच आहे हे पक्के होते.

```
ping 1.1.1.1
```

तिथे `0.0.0.0` असेल, तर लाइन जोडलीच गेलेली नाही, आणि मग `System Log` उघडावा. बहुतेक लोक या पानाकडे फिरकत नाहीत, पण पीपीपीओईच्या लाइनवर रोगनिदान इथेच होते. जोडणी होताना राऊटर आधी ‘कोणी सर्व्हर आहे का’ अशी हाक मारतो, तिला `PADI` म्हणतात. सर्व्हर ‘मी आहे’ असे उत्तर देतो, ते `PADO`. मग राऊटर `PADR` पाठवतो, सर्व्हर `PADS` देऊन जोडणी उघडतो, आणि त्यानंतर `PAP` किंवा `CHAP` पद्धतीने युजरनेम-पासवर्ड तपासला जातो. लॉगची भाषा प्रत्येक राऊटरची वेगळी असते, पण ही अक्षरे बहुधा सापडतात.

लॉगमध्ये `PADI` पुन्हा पुन्हा दिसत असेल आणि `PADO` एकदाही नसेल, तर राऊटरची हाक सर्व्हरपर्यंत पोहोचत नाही किंवा कोणी तिला उत्तर देत नाही. अशा वेळी पासवर्ड तपासणे व्यर्थ आहे, कारण पासवर्ड विचारण्याची वेळच आलेली नाही. वॅन पोर्टची तार, पुसला गेलेला व्हीलॅन क्रमांक किंवा इमारतीतल्या स्विचवर मॅक पत्ता बांधलेला असणे, यांपैकी एक कारण असते. याउलट `PADO` आणि `PADS` दिसून नंतर `authentication failed` असे आले, तर तार, स्विच आणि व्हीलॅन सगळे ठीक आहे आणि नकार खाते तपासणाऱ्या सर्व्हरकडून येत आहे. तो नकार पासवर्ड चुकल्यामुळे असू शकतो, पण पासवर्ड बरोबर असूनही मॅक पत्ता न जुळल्यामुळे नेमका तोच संदेश येऊ शकतो. राऊटरला आणि वापरणाऱ्याला या दोन्हींतला फरक दिसत नाही, आणि म्हणून लोक तासभर एकच पासवर्ड पुन्हा पुन्हा टंकत राहतात.

नकाराचे तिसरे कारण आपोआप बरे होणारे आहे. अपडेटनंतर राऊटर सर्व्हरला निरोप न देता पुन्हा सुरू झाला, तर सर्व्हरच्या लेखी जुनी जोडणी काही काळ चालूच असते, आणि एका खात्याला एकच जोडणी मान्य असल्यास नवी नाकारली जाते. राऊटर दहा मिनिटे बंद ठेवून पुन्हा सुरू केल्यावर लाइन आली, तर हेच कारण होते आणि पुढे काही करण्याची गरज नाही.

काकांच्या घरी काय सापडले

त्यांच्या राऊटरचे वाय-फायचे नाव अपडेटनंतरही जुनेच होते आणि पीपीपीओईचे युजरनेमही जागेवर होते, म्हणून ‘सेटिंग्ज गेलेल्या नाहीत’ अशी त्यांची खात्री होती. `WAN IP` समोर `0.0.0.0` होते. लॉगमध्ये `PADO` येत होता, `PADS` येत होता आणि त्यानंतर दर काही सेकंदांनी नकार येत होता. आम्ही ऑपरेटरकडून पासवर्ड नव्याने विचारून भरला, तरीही नकार कायम राहिला. राऊटर पंधरा मिनिटे बंद ठेवून पाहिला, तरी तेच. म्हणजे पासवर्ड नाही, अडकलेली जोडणीही नाही. उरला मॅक पत्ता.

मध्यंतरी त्यांच्या भाच्याने फायबरच्या डब्यातून येणारी तार थेट लॅपटॉपला जोडून विंडोजवरून लाइन लावून पाहिली होती आणि तिथेही ६९१ ही चूक आली होती. त्यावरून त्याने ‘राऊटर ठीक आहे, लाइनच बंद आहे’ असा निष्कर्ष काढला. हा निष्कर्ष तर्कशुद्ध वाटतो, पण चुकीचा आहे. लॅपटॉपचा मॅक पत्ताही बांधलेल्या पत्त्यापेक्षा वेगळाच असतो, त्यामुळे त्यालाही नकारच मिळणार. या चाचणीतून एवढेच कळते की ६९१ आल्यास सर्व्हर गाठला जात आहे, आणि ६५१ आल्यास तो गाठलाच जात नाही. लॉग नीट दाखवत नसलेल्या राऊटरच्या बाबतीत एवढी माहितीही उपयोगाची ठरते.

जुने कागद चाळताना त्यांच्याकडे लाइन घेतली तेव्हाच्या, आता माळ्यावर पडलेल्या राऊटरचा खोका मिळाला. त्याच्या तळाच्या चिकटपट्टीवर मॅक पत्ता होता, समजा `00-00-5E-00-53-1A`. एक बारीक अडचण अशी, की चिकटपट्टीवरचा पत्ता बहुधा लॅनच्या बाजूचा असतो आणि वॅनचा पत्ता पुष्कळ राऊटरमध्ये त्याच्या पुढचा असतो. म्हणजे शेवट `1A` ऐवजी `1B`, आणि मोजणी सोळा अंकांच्या पद्धतीची असल्यामुळे `1F` नंतर `20` येते. चिकटपट्टीवरचा पत्ता `MAC Clone` मध्ये भरून राऊटर पुन्हा सुरू केला तेव्हा नकारच मिळाला. एकाने वाढवलेला पत्ता भरला आणि लाइन अर्ध्या मिनिटात जोडली गेली. तीनही वेळा अपडेटने फक्त ही एक नोंद पुसली होती. पहिल्या दोन वेळी आलेल्या तंत्रज्ञाने फोनवरून काय करून घेतले होते ते सांगता येत नाही, पण त्याने ते कुठेही लिहून ठेवले नव्हते, हे मात्र खरे.

हा उपाय तात्पुरता म्हणावा लागेल. दुसऱ्या दिवशी ऑपरेटरच्या कार्यालयात त्यांच्या चालू राऊटरचा खरा वॅन पत्ता नोंदवून घेतला आणि `MAC Clone` ची नोंद काढून टाकली, म्हणजे पुढच्या अपडेटने पुसायला तिथे काही उरलेच नाही.

नंतर: जे राहायला नको होते

लाइन आली की लोक ॲडमिन पेज बंद करतात. त्याआधी आणखी पाच मिनिटे द्यावीत. वॅनच्या पानावर डीएनएसचे पत्ते हाताने भरलेले असतील आणि ते तुम्ही भरलेले नसतील, तर ते काढून आपोआप मिळणारे ठेवावेत. डीएचसीपीच्या पानावरही स्वतंत्र डीएनएस असतो, तोही पाहावा, कारण घरातल्या मोबाइलला पत्ता तिथून मिळतो. `Remote Management` बंद असावे. पोर्ट उघडल्याच्या यादीत अनोळखी ओळ असल्यास ती कोणत्या उपकरणासाठी आहे हे शोधावे आणि न सापडल्यास काढावी. तुमचा राऊटर ज्ञात त्रुटी असलेल्या जुन्या आवृत्तीवर बराच काळ चालला असेल, तर नुसते अपडेट पुरेसे नाही. अपडेटनंतर त्याला एकदा मूळ स्थितीत नेऊन लिहून ठेवलेल्या सेटिंग्ज हाताने भराव्यात आणि ॲडमिनचा पासवर्ड नवा द्यावा. अशा वेळी जुना बॅकअप परत भरू नये, नाहीतर बदललेल्या नोंदीही त्याच्याबरोबर परत येतात.

राऊटरची वेळही पाहून घ्यावी. बहुतेक घरगुती राऊटरमध्ये घड्याळासाठी बॅटरी नसते, त्यामुळे ते सुरू होताना कुठल्यातरी जुन्या तारखेपासून मोजू लागतात आणि इंटरनेट मिळाल्यावर वेळ दुरुस्त करतात. अपडेटमध्ये टाइम झोन बदलला असेल, तर मुलांसाठी रात्री दहाला बंद होणारे वाय-फाय भलत्याच वेळी बंद होते. भारतासाठी तो `GMT+05:30` असावा.

काही संकेतस्थळे उघडतात आणि काही अर्धवट अडकतात असे दिसले, तर एमटीयू, म्हणजे एका पॅकेटचा जास्तीत जास्त आकार, तपासावा. पीपीपीओईवर १५०० पैकी ८ बाइट जोडणीसाठी जातात, म्हणून तो १४९२ पेक्षा जास्त नसावा. विंडोजवर खालचा आदेश उत्तर देत असेल, तर १४९२ ठीक चालतो. येथे १४६४ असे लिहिण्याचे कारण म्हणजे उरलेले २८ बाइट पॅकेटच्या शीर्षकात जातात.

```
ping -f -l 1464 1.1.1.1
```

राऊटर सुरूच होत नसेल, तर

वीस मिनिटांनंतरही एकच दिवा लुकलुकत असेल आणि ॲडमिन पेज उघडत नसेल, तर फर्मवेअर अर्धवट लिहिले गेले असण्याची शक्यता आहे. बूटलोडरचा भाग नेहमीच्या अपडेटमध्ये सहसा बदलला जात नसल्यामुळे पुष्कळ राऊटर या अवस्थेतूनही परत येतात. मागचे रीसेटचे बटण दाबून धरून वीज सुरू करावी आणि दहा-पंधरा सेकंदांनी बटण सोडावे. डी-लिंकच्या अनेक मॉडेलमध्ये असे केल्यावर, संगणकाला तारेने जोडून हाताने `192.168.0.2` हा आयपी दिला, की `192.168.0.1` वर फर्मवेअर चढवण्याचे साधे पान उघडते. असुसच्या राऊटरमध्ये याच पद्धतीने पॉवरचा दिवा सावकाश लुकलुकू लागतो आणि कंपनीच्या `Firmware Restoration` या विंडोज प्रोग्रामने फाइल पाठवता येते. टीपी-लिंकच्या काही मॉडेलमध्ये राऊटर स्वतःच संगणकाकडून टीएफटीपी या फाइल पाठवण्याच्या साध्या पद्धतीने ठरावीक नावाची फाइल मागतो, आणि ते नाव व संगणकाला द्यायचा आयपी मॉडेलप्रमाणे बदलतो. तिन्ही पद्धतींत योग्य हार्डवेअर आवृत्तीची फाइल संगणकावर आधीपासून असावी लागते, कारण त्या क्षणी घरात इंटरनेट नसते. ती नसेल, तर मोबाइलच्या डेटावरून उतरवून केबलने संगणकावर घ्यावी. यापैकी कशालाच राऊटर दाद देत नसेल आणि वॉरंटी शिल्लक असेल, तर तो उघडू नये. तसाच खोक्यात घालून सेवा केंद्रात न्यावा.